सेकंडहँड फोन तीन आठवडे चालला आणि मग नेटवर्क गेलं, आता काय?

प्रश्न: तीन आठवड्यांपूर्वी ओळखीच्या ओळखीतून सेकंडहँड फोन घेतला. घेताना कॉल लागत होते, नेट चालत होतं, सगळं बघून घेतलं होतं. परवापासून नेटवर्कच येत नाही, वायफाय मात्र चालतंय. रिपेअरवाला म्हणतो आयएमईआय ब्लॉक झालाय. तीन आठवडे चाललेला फोन असा अचानक ब्लॉक कसा होतो? रिसेट मारून जाईल का? आणि पुढच्या वेळी घेताना हे आधी कसं कळणार?

उत्तर:

रिसेटचं आधी सांगतो म्हणजे तुमचा डेटा तरी वाचेल. रिसेट मारू नका, काही उपयोग नाही. मी बरीच वर्षं फोन रिपेअरिंग आणि जुन्या फोनची खरेदी विक्री करतोय, आणि असे फोन घेऊन येणारे निम्मे लोक दोनतीनदा रिसेट मारून, सॉफ्टवेअर टाकून, फोटो घालवून मग माझ्याकडे येतात. कुलूप तुमच्या फोनमध्ये नाहीचे, ते नेटवर्कच्या बाजूला आहे, त्यामुळे फोनमधलं काहीही पुसलं तरी ते तिथंच राहतं.

पण त्याआधी, रिपेअरवाला म्हणाला म्हणून ब्लॉकच आहे असं लगेच धरू नका. नेटवर्क न येण्याची अजून दोनचार कारणं असतात आणि ती घरबसल्या वेगळी काढता येतात. तुमचं सिम काढून दुसऱ्या चालू फोनमध्ये टाका. तिथं चाललं तर सिम ठीक आहे. मग तुमच्या फोनमध्ये दुसऱ्या कंपनीचं चालू सिम टाका, दोन्ही स्लॉटमध्ये आळीपाळीने, आणि प्रत्येक वेळी फोन बंद करून चालू करा. आता डायलरवर हे टाईप करा:

```
*#06#
```

पंधरा आकडी नंबर दिसला पाहिजे, हाच आयएमईआय, म्हणजे हँडसेटचा ओळख नंबर, दोन सिमच्या फोनला दोन नंबर. इथं नंबरच आला नाही, कोरं आलं किंवा नुसती शून्यं आली तर तुमचा प्रॉब्लेम वेगळा आहे, मग फोनच्या आतला नेटवर्कचा भाग किंवा त्याचं सॉफ्टवेअर बिघडलंय, आणि ती दुरुस्तीची गोष्ट आहे, ब्लॉकची नाही. नंबर नीट येतोय, सिम ओळखतंय, सेटिंगमध्ये जाऊन हाताने नेटवर्क शोधलं तर आजूबाजूच्या कंपन्यांची नावं पण दिसतायत, पण कुठलीही निवडली की नाकारलं जातंय, अशी सगळी लक्षणं एकत्र असतील तर मग ब्लॉकचा संशय पक्का व्हायला लागतो. म्हणजे अँटेना ऐकतोय, समोरचा आत घेत नाहीये.

मेसेज काय येतो तेही नीट वाचून ठेवा. काही अँड्रॉइड फोनवर `Phone not allowed MM#6` असं स्पष्ट लिहून येतं. यातला सहा नंबर महत्त्वाचा, तो नेटवर्ककडून येणारा नकाराचा कोड आहे आणि त्याचा अर्थ हा हँडसेट चालणार नाही. याच्यासारखेच दिसणारे `MM#2` आणि `MM#3` सिमबद्दल असतात, म्हणजे सिम चालू केलेलं नाही किंवा सिम मान्य नाही, आणि लोक हे दोन बघून उगाच फोनला दोष देतात. बऱ्याच फोनवर मात्र एवढं काही येत नाही, नुसतं `No Service` किंवा `Emergency calls only` दिसतं. तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नका, वरची अदलाबदल करून बघाच.

आता तीन आठवडे चालून मग बंद का पडला. यासाठी आत काय होतं ते थोडं समजून घ्यावं लागेल, जास्त टेक्निकल नाही करत. तुम्ही फोन चालू केला की तो टॉवरमार्फत कंपनीच्या नेटवर्कला सांगतो की मी आलोय. नेटवर्क सिमची ओळख तपासतं, आणि सोबत हँडसेटचा आयएमईआय पण मागून घेऊ शकतं. तो नंबर कंपनी आपल्या एका नोंदवहीत बघते, तिला इक्विपमेंट आयडेंटिटी रजिस्टर म्हणतात. त्यात काळी यादी असते, नंबर त्यात सापडला की नोंदणी नाकारली जाते. बस, एवढंच. वायफायला या सगळ्याशी काही देणंघेणं नाही म्हणून ते चालत राहतं, कॅमेरा चालतो, गेम चालतात. त्यामुळे विकणारा वायफायवर व्हिडिओ लावून दाखवतो आणि घेणाऱ्याला वाटतं फोन एकदम मस्त आहे.

यात दोन गोष्टी अशा आहेत ज्यांच्यामुळे उशीर लागतो. एक, यादीत नाव पडलं की त्या क्षणी प्रत्येक कंपनीकडे पोचतं असं नाही. कुठं एकाच कंपनीने आपल्यापुरतं ब्लॉक केलेलं असतं, कुठं देशभराची एकच यादी असते आणि ती ठरावीक वेळाने सगळ्या कंपन्यांकडे जाते, आणि देशाबाहेर ती लागू होईलच असं काही नाही. शिवाय प्रत्येक वेळी आयएमईआय विचारायचाच असंही नसतं, किती वेळा विचारायचा ते कंपनी ठरवते. म्हणून कधी कधी असं होतं की फोन दिवसभर चालू राहतो आणि रात्री रिस्टार्ट केला की गेला, आणि माणूस म्हणतो अपडेटने बिघडवला.

दुसरी गोष्ट, आणि तुमच्या केसमध्ये मला हीच वाटतीये, ती म्हणजे तक्रारच उशिरा होते. फोन हरवल्यावर लोक आधी आठवडाभर शोधतात, त्यावर कॉल करत बसतात, मग कोणीतरी सांगतं की तक्रार दे, मग ते कागद गोळा करतात, नवं सिम काढतात, मग कुठं ब्लॉकची विनंती जाते. तोवर फोन दोन हातांतून फिरून तुमच्याकडे आलेला असतो. तुम्ही घेतलात त्या दिवशी यादी स्वच्छ होती, कारण मालकाने अजून कळवलंच नव्हतं. याशिवाय विमा घेतलेला फोन हरवला म्हणून दावा करणारे आणि तोच फोन विकणारे पण असतात. काही देशांत हप्ते थकले म्हणून फोन देणारी कंपनीच आयएमईआय ब्लॉक करते, म्हणजे फोन चोरीचा नाही, विकणारा खरा मालक आहे, फक्त त्याने हप्ते भरायचे थांबवलेत आणि त्याचा फटका तुम्हाला.

आणि तिसरा प्रकार नंबर चोरायचा. चोरीच्या फोनचा नंबर यादीत गेला की तो फोन विकता येत नाही, म्हणून काहीजण त्यात दुसऱ्या एखाद्या चांगल्या फोनचा आयएमईआय लिहितात. आता एकाच नंबरचे दोन फोन झाले. त्यातल्या एकाच्या मालकाने फोन हरवला म्हणून ब्लॉक केलं की दुसरा पण मरतो, तो भले कोणी पेटी फोडून नवा घेतलेला का असेना. म्हणून एक सांगून ठेवतो, विकायच्या जाहिरातीत खोक्याचा फोटो टाकताना तो नंबर बोटाने झाका. मी बघतो, लोक बिनधास्त टाकतात.

एक केस सांगतो, मला खूप शिकवून गेली. एक कॉलेजची मुलगी दोन सिमचा फोन घेऊन आली. तिची तक्रार अशी की पहिल्या स्लॉटमध्ये नेटवर्क येतंय आणि दुसऱ्यात चार दिवसांपासून नाही. घेऊन दोन महिने झालेले. मी पण सरळ स्लॉट खराब समजलो, सिमची अदलाबदल केली, तर कुठलंही सिम दुसऱ्या स्लॉटमध्ये मरतंय आणि पहिल्यात जगतंय. उघडून बघितला, पिना साफ केल्या, सिम ओळखतोय व्यवस्थित, नुसती नोंदणी होत नाही. मग कुठं डोक्यात आलं की दोन स्लॉटला दोन वेगळे आयएमईआय असतात. दोन्ही नंबर तपासले तर पहिला स्वच्छ आणि दुसरा काळ्या यादीत. म्हणजे ज्याने कोणी तक्रार दिली त्याच्याकडे एकच नंबर असणार, तेवढाच त्याने भरला. तिने घेताना तपासलं होतं बरं का, पण खोक्यावरचा पहिला नंबर टाकून हिरवं आलं म्हणून खूष झाली.

पुढे मी तो फोन अजून नीट बघितला. खोक्यावरचा पहिला नंबर आणि डायलरवर आलेला पहिला नंबर पहिले बारा आकडे सारखे आणि शेवटचे तीन वेगळे. तिने फक्त सुरुवात जुळवून बघितली होती. सुरुवात जुळणारच की, कारण आयएमईआयचे पहिले आठ आकडे मॉडेलचे असतात, त्या मॉडेलच्या हजारो फोनवर ते सारखेच येतात. मधले सहा त्या एका फोनचे आणि पंधरावा आकडा हा आधीच्या चौदांवरून हिशोबाने काढलेला तपासणीचा आकडा. एकाच मॉडेलचे, एकाच खेपेतले दोन फोन असतील तर फरक फक्त शेवटी दिसेल. खोकं दुसऱ्या फोनचं होतं, मॉडेल तेच. म्हणजे तिने जो नंबर तपासला तो तिच्या फोनचा नव्हताच. ही चूक मी त्याआधी स्वतः पण केलेली आहे, एका गठ्ठ्यात घेतलेल्या फोनमध्ये, त्यामुळे तिला काही बोलायला तोंड नव्हतं.

तर घेण्याआधी काय बघायचं ते मी जसं करतो तसं सांगतो.

सगळ्यात आधी समोरच्याने मेसेजवर पाठवलेला नंबर किंवा स्क्रीनशॉट यावर विसंबू नका. तो घरून चाळणी म्हणून वापरा, वाईट निघाला तर जायचे कष्ट वाचले, पण चांगला निघाला तर अजून काहीच सिद्ध झालेलं नाही. फोन हातात आल्यावर तुम्ही स्वतःच्या बोटाने वरचा कोड टाका आणि जे नंबर येतील ते सगळे लिहून घ्या. मग सेटिंगमध्ये फोनबद्दलच्या पानावर जाऊन तेच नंबर बघा. मग फोनच्या अंगावर कुठं छापलाय का बघा, मॉडेलप्रमाणे सिम ट्रेवर, पाठीवर किंवा बॅटरीखाली असतो. मग खोकं आणि बिल. जुळवताना शेवटून सुरुवातीकडे वाचा, शेवटचे सात आकडे आधी. काही फोनवर नंबरच्या मागे तिरकी रेघ देऊन अजून दोन आकडे दिसतात, ते सॉफ्टवेअर आवृत्तीचे असतात, ते सोडून द्या, घाबरू नका.

न जुळण्याचे पण प्रकार आहेत. ट्रे वेगळा आणि बाकी सगळं सारखं, तर कदाचित ट्रे तुटला म्हणून बदललेला असेल, मी त्याला एकदा माफ करतो. डायलर आणि सेटिंग यांच्यातच फरक असेल तर सॉफ्टवेअरशी कोणीतरी खेळलंय, हात लावू नका. आतला नंबर आणि पाठीवरचा नंबर वेगळा असेल तर बोर्ड किंवा बॉडी बदललेली आहे. बोर्ड बदलणं हा गुन्हा नाही, अधिकृत सर्व्हिस सेंटर पण बदलून देतं, पण मग त्याची पावती असते. पावती नाही, आणि विकणारा म्हणतो मला असाच मिळाला, तर मी तरी सोडून देतो.

आता यादीत तपासायचं कुठं, तर हे देशाप्रमाणे बदलतं आणि ज्या देशात फोन वापरणार तिथली यादी महत्त्वाची. भारतात संचार साथी पोर्टलवर ही सोय आहे किंवा `KYM` लिहून एक जागा सोडून पंधरा आकडे टाकून 14422 वर एसएमएस करता येतो. अमेरिकेत `stolenphonechecker.org` आणि कॅनडात `devicecheck.ca` आहे. ब्रिटनमध्ये पैसे देऊन अहवाल मिळतो. परदेशातून आलेला फोन असेल तर दोन्हीकडचं बघा, कारण एका देशात ब्लॉक असलेला फोन दुसरीकडे आरामात चालू शकतो आणि स्वस्तात विकला जायचं कारणच कधी कधी ते असतं. कुठल्यातरी अनोळखी साईटवर फुकटात हिरवी खूण आली तर तिला फार किंमत देऊ नका, बऱ्याच साईट नुसतं नंबर बनावटीला बरोबर आहे का आणि मॉडेल कुठलं एवढंच सांगतात, यादी त्यांच्याकडे नसतेच.

उत्तर आल्यावर नुसतं ब्लॉक आहे की नाही यावर थांबू नका, त्यात कंपनी आणि मॉडेलचं नाव येतं ते वाचा. हातातला फोन एका कंपनीचा आणि उत्तरात दुसरंच मॉडेल, तर आत नंबर बदलून लिहिलेला आहे, संपला विषय. रंग आणि स्टोरेज त्यातून कळेलच असं नाही, पण मॉडेल जुळलंच पाहिजे. डुप्लिकेट असं आलं तरी तेच, एकच नंबर एकाहून जास्त हँडसेटवर दिसतोय असा त्याचा अर्थ, तो फोन आज चालतोय म्हणून उद्या चालेल याची खात्री नाही. आणि हे सगळं दोन्ही नंबरसाठी वेगवेगळं करा, त्या मुलीसारखं एकावर थांबू नका. ई-सिमचा फोन असेल तर त्याचा पण स्वतःचा नंबर असतो.

मग तुमचं सिम टाका, रिस्टार्ट करा, वायफाय बंद ठेवून एक कॉल करा, एक बाहेरून येऊ द्या, मोबाईल डेटावर एखादं पान उघडा. दुसऱ्या स्लॉटमध्ये पुन्हा तेच. दहा मिनिटं लागतात. विकणारा घाई करायला लागला तर करू द्या. गूगल किंवा ॲपलचं जुनं खातं काढलंय का हे पण याच वेळी बघून घ्या, ते कुलूप वेगळं असतं पण अडकवतं तेवढंच.

एवढं सगळं करून पण तुमच्यासारखी केस सुटत नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. यादी आजची स्थिती दाखवते. मालकाने उद्या तक्रार केली तर आज ती दिसणार कुठून. तिथं फोनची तपासणी संपते आणि माणसाची सुरू होते. पहिलं बिल मागा, त्यावर आयएमईआय छापलेला असतो आणि नाव असतं, विकणाऱ्याचं नाव तेच आहे का बघा. नसेल तर मधल्या माणसाची पावती मागा. तुमच्या व्यवहाराची पण चार ओळींची पावती करा, दोन्ही नंबर पूर्ण लिहून, तारीख, रक्कम, दोघांच्या सह्या, आणि नंतर ब्लॉक झाला तर पैसे परत असं एक वाक्य. पैसे बँकेतून द्या म्हणजे माग राहतो. तपासणीच्या निकालाचा त्या दिवशीचा स्क्रीनशॉट ठेवा, पुढे तुम्ही जाणूनबुजून चोरीचा माल घेतला नाही हे दाखवायला तो उपयोगी पडतो. माझा अनुभव असा की ज्याच्या मनात काळंबेरं आहे तो नंबर तपासायला आनंदाने देतो, पण पावतीवर सही म्हटलं की त्याला अचानक कुठंतरी जायचं असतं.

आता तुमच्या हातातल्या फोनचं. आधी दोन्ही नंबर अधिकृत ठिकाणी तपासून खरंच ब्लॉक आहे का ते लेखी बघा. असेल तर ते उठवू शकतो तो फक्त ज्याने लावलं तो, म्हणजे तक्रार देणारा मालक किंवा ज्या कंपनीने ब्लॉक केला ती. म्हणून तुमचा रस्ता विकणाऱ्यापासून मागे जातो. ओळखीच्या ओळखीतून घेतलाय हे तुमच्या फायद्याचं आहे, त्या माणसाला गाठा आणि त्याला फोन कुठून मिळाला ते विचारा. कधी कधी अगदी साधं निघतं, फोन हरवला म्हणून ब्लॉक केला, दोन दिवसांनी सोफ्याखाली सापडला, तोवर नवा घेतला होता, मग जुना विकून टाकला आणि ब्लॉक काढायचं राहूनच गेलं, किंवा विनंती उशिरा लागू झाली. अशा वेळी मालकाने आपल्या तक्रारीचा नंबर वापरून विनंती मागे घेतली की काही दिवसांत नेटवर्क परत येतं. हप्त्यांचा मामला असेल तर बाकी भरल्यावर सुटतो, पण ती बाकी विकणाऱ्याने भरायची, तुम्ही नाही.

विकणारा टाळाटाळ करत असेल किंवा फोन चोरीचा असल्याचं दिसत असेल तर तो पुढे कोणाला विकू नका, सुटे भाग करून पण नाही. पावती, पैसे दिल्याचा पुरावा, चॅट हे सगळं घेऊन पोलिसांकडे स्वतःहून जा. फोन जाईल हे खरं आहे, पण मूळ तक्रारीचा तपास करत कोणी तुमच्या दारात येण्यापेक्षा तुम्ही आधी गेलेलं बरं, आणि पैसे वसूल करायचे असतील तर विकणाऱ्याविरुद्धची नोंद पण तिथूनच सुरू होते.

आणि तो रिपेअरवाला पुढच्या भेटीत म्हणेल की थोडे पैसे द्या, मी नंबर बदलून देतो. नको. बऱ्याच देशांत हा सरळ गुन्हा आहे, भारतात तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि तो जो नंबर टाकेल तो दुसऱ्या कोणाच्या तरी फोनचाच असणार, म्हणजे वर सांगितलेला डुप्लिकेटचा प्रकार आता तुम्ही कराल. ऑनलाईन पैसे घेऊन काळ्या यादीतून नाव काढून देतो म्हणणारे पण भरपूर आहेत, यादीला हात लावायची त्यांची पोच नसते, पैसे घेतात आणि स्वतःचा फोन नंबर बंद करतात.

डायलरवर दोन्ही नंबर दिसतायत का, दोन्ही स्लॉट मेलेत की एकच, आणि स्क्रीनवर नेमके कोणते शब्द येतायत एवढं इथं लिहा. नंबर स्वतः लिहू नका, फक्त तपासल्यावर काय उत्तर आलं ते सांगा, मग पुढचं बघू.